कूलर बिघडलाय की हवा दमट झालीय? तीन तापमानं मोजा, मग खर्च करा

“पत्र्याचा मोठा डेझर्ट कूलर आहे, तीन बाजूंना गवताचे पॅड. कडक उन्हाळ्यात खोली मस्त गार करायचा. ढग यायला लागल्यापासून नुसती ओलसर हवा फेकतो. टाकीत बर्फही टाकून पाहिला. दुरुस्तीवाला म्हणतो पंप आणि पॅड दोन्ही बदला. बदलू का?”

अजून काही बदलू नका. आधी एक थर्मामीटर घ्या, घरात असेल तो चालेल. अंगातला ताप मोजायचा मात्र नको. काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते झालं की दोष कूलरचा की हवेचा, हे तुम्हालाच सांगता येईल.

कूलरच्या मागे, जिथून तो हवा ओढतो तिथे, सावलीत थर्मामीटर धरा आणि आकडा लिहून ठेवा. मग त्याच थर्मामीटरच्या टोकाला साध्या पाण्यात भिजवलेलं पातळ सुती फडकं गुंडाळा आणि तिथेच टेबल फॅनच्या वाऱ्यासमोर धरा. आकडा उतरत जाईल. पाच-दहा मिनिटांनी उतरायचा थांबला की तो लिहा. तिसरा आकडा कूलरच्या तोंडाशी, जाळीजवळ घ्यायचा. त्याआधी पंप आणि पंखा चालू करून निदान वीस मिनिटं होऊ द्या. या वेळी थर्मामीटर पूर्ण कोरडा हवा आणि त्यावर तुषार उडता कामा नयेत, नाहीतर तो पुन्हा ओल्या फडक्याचंच तापमान दाखवेल. तिन्ही वेळा थर्मामीटर एकच वापरा. तो एखादा अंश चुकीचा दाखवत असेल तरी चूक तिन्हीकडे सारखीच पडते आणि फरक बरोबर निघतो.

ओल्या फडक्याचा आकडा ही कूलरची लक्ष्मणरेषा. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा गार होते. हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर पाणी उडत नाही आणि उष्णताही जात नाही. फडक्यावर हेच घडतं आणि पॅडवरही हेच घडतं. कितीही नवा, कितीही महाग कूलर आणा, ओल्या फडक्याच्या तापमानाखाली तो हवा नेऊ शकत नाही. चांगला ओला पॅड कोरड्या हवेपासून त्या रेषेपर्यंतच्या अंतराचा साधारण ८० टक्के भाग गाठतो. जुना, मध्येच कोरडा राहणारा पॅड निम्म्यावर अडखळतो.

आता आकडे मांडून बघू. कडक उन्हाळ्यातली दुपार घ्या, बाहेर ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के. अशा हवेत ओलं फडकं सुमारे २४ अंश दाखवतं, म्हणजे अंतर १८ अंशांचं. त्याचे ८० टक्के म्हणजे साडेचौदा अंश, म्हणून चांगला कूलर साडेसत्तावीसच्या आसपास हवा देईल. पॅड निम्मंच काम करत असेल तर ३३. तुम्ही खोलीत पाऊल टाकताच हा फरक कळेल.

ढगाळ दिवशी बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर फडकं साडेअठ्ठावीसवर थांबतं. अंतर उरलं जेमतेम साडेपाच अंशांचं. उत्तम पॅडची हवा साडेएकोणतीस, अर्धवट पॅडची एकतीसच्या थोडी वर. म्हणजे बाहेर आठ अंशांनी उतरलं, तरी कूलरची हवा उन्हाळ्यापेक्षा गरम! आणि नवा पॅड घालून फायदा किती, तर दीडेक अंश. त्यात ती हवा ओलसर असल्यामुळे घामही सुकत नाही, म्हणून ती आकड्यापेक्षाही वाईट वाटते. दुरुस्तीवाला खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पॅड जुने झालेही असतील. पण या हवेत ते बदलून तुमची तक्रार जाणार नाही, एवढं नक्की.

तुमचे तीन आकडे आले की हिशेब सोपा. मागची हवा आणि तोंडाशी येणारी हवा यांतल्या फरकाला, मागची हवा आणि ओलं फडकं यांतल्या फरकाने भागा. उत्तर ०.७ ते ०.८५ मध्ये आलं तर कूलर धडधाकट आहे. ०.६ च्या खाली गेलं तर तो उघडायला हवा. एक पथ्य पाळा: दमट दिवशी सगळे फरक दोन-चार अंशांचे असल्याने वाचताना अर्धा अंश चुकला तरी उत्तर भरकटतं. त्यातल्या त्यात कोरडा दिवस आणि दुपारची वेळ बघून मोजा, तेव्हा आर्द्रता दिवसातली सर्वांत कमी असते.

समजा आकडा कमी आला. तरीही पंपावर लगेच संशय घेऊ नका. पंखा बंद ठेवून फक्त पंप दहा मिनिटं चालवा. मग प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. पत्र्याचं अंग, पाणी आणि वीज एकत्र आहेत, आणि अर्थिंग नीट नसेल तर कूलरला हातही लावू नये. प्लग काढल्यावर एकेक बाजू उघडा आणि गवतावरून तळहात वरून खाली फिरवा. जिथे पाणी नीट पोचतं तिथे गवत मऊ, जड आणि गार लागतं. जिथे पोचत नाही तिथे हाताला काटेरी, हलकं लागतं आणि बोटांवर पांढरी भुकटी येते. हे कोरडे पट्टे बहुतेक वेळा उभे असतात. त्यांच्या बरोबर वर पाहिलंत तर पन्हळीचं एखादं छिद्र क्षाराने बुजलेलं सापडेल. हवा नेहमी सोपी वाट धरते. कोरड्या, विरळ पट्ट्यातून ती सरळ आत घुसते आणि बाकीच्या पॅडने गार केलेल्या हवेत मिसळते. त्यामुळे हातभर पट्टाही आकडा चांगलाच खाली आणतो.

छिद्रं तारेने मोकळी करा. पन्हळ काढून धुता आली तर उत्तमच. एक पूर्ण बाजूच कोरडी असेल तर कूलर त्या बाजूला वर उचललेला आहे का, ते बघा. पायाखाली पातळ फळी सरकवून पाणी सारखं पसरतं. गवत खाली बसून वर बोटभर फट पडली असेल तर ती भरा, नाहीतर तिथून गरम हवा फुकट आत येते.

सगळ्याच बाजूंना पाणी कमी असेल तेव्हा पंपाकडे वळायचं. तोही आधी साफ करायचा, बदलायचा नंतर. पंपाच्या तोंडाची जाळी काढा. पॅडमधून गळलेल्या गवताच्या काड्या तिथे गुंता करून बसतात. आतली छोटी पाती बाहेर काढून तिच्याभोवतीचे केस आणि क्षार काढा, ती बोटाने सहज फिरली पाहिजे. मग पंप पाण्यात पूर्ण बुडवून, वर जाणारी नळी काढून चालू करा. पंपाच्या तोंडातून जोरात धार आली पण नळी लावल्यावर वर पाणी पोचेना, तर दोष नळीत किंवा पन्हळीत आहे. धारच मरतुकडी असेल, किंवा पंप नुसता गुणगुणत असेल, तर मात्र दुरुस्तीवाल्याचं म्हणणं बरोबर. नवा पंप लवकर जळू नये म्हणून टाकीतलं पाणी त्याच्या खाली कधीही जाऊ देऊ नका. हे छोटे पंप भोवतीच्या पाण्यानेच गार राहतात.

टाकीबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचंय, कारण पॅड खराब होण्याची सुरुवात तिथूनच होते. कूलरमधून उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार सगळे मागे उरतात. ६० लिटरची टाकी आहे आणि फ्लोट व्हॉल्व्ह ती सतत भरत ठेवतोय असं धरा. कडक उन्हाळ्यात मोठा कूलर दिवसभरात ६० लिटर पाणी सहज उडवतो. म्हणजे पहिल्या दिवसाअखेर टाकीतले क्षार दुप्पट होतात आणि तिसऱ्या दिवसाअखेर चौपट. टाकी काठोकाठ भरलेली दिसते, म्हणून पाणी ताजं असेल असं वाटतं. तसं नसतं. बोअरचं जड पाणी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी तळाचं बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा. वरून आणखी पाणी ओतून हे काम होत नाही. पॅडवर पांढरा कडक थर चढला की तिथे पाणी झिरपत नाही आणि हवाही अडते. गवताच्या पॅडचा असा थर धुऊन जात नाही, ते गवत हंगामाला बदलणंच बरं. हनीकोंब पॅड मात्र बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात भिजवले आणि मग भरपूर साध्या पाण्याने धुतले, तर बरेच सुधारतात. हे काम बादलीत किंवा प्लास्टिकच्या टबात करा. कूलरच्या जस्ती पत्र्याच्या टाकीत आम्ल घातलंत तर जस्ताचा थर जाईल आणि गंज धरेल.

बर्फाने फरक का पडला नाही, तेही आकड्यातच दिसतं. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी उष्णता साधारण १४० मिलिलिटर पाणी उडून जाताना घेतं. कोरड्या दिवशी कूलर तेवढं पाणी एक-दोन मिनिटांत उडवतो. दमट दिवशी बर्फाने थोडा वेळ किंचित गारवा लागेल, पण त्यासाठी रोज बर्फ आणणं फुकट आहे.

या हवेत कूलर चालवायचा असेल तर खिडकीतच हवा, म्हणजे तो बाहेरची हवा ओढेल. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चांगलं उघडं ठेवा. आत आलेली ओली हवा बाहेर पडली नाही तर खोलीतली आर्द्रता चढत जाते आणि घाम अजिबात वाळत नाही. कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. मागची हवा आणि ओलं फडकं यांत चार अंशांपेक्षा कमी फरक असेल, तर मी पंप बंद करून नुसता पंखा चालवतो. वारा मिळतो आणि चिकचिक वाढत नाही. पॅड पूर्ण वाळले की आंबूस वासही जातो. एरवीही रात्री बंद करताना आधी पंप थांबवून पंखा वीसेक मिनिटं चालू ठेवावा.

पंप असा बरेच दिवस बंद राहणार असेल तर टाकीत पाणी ठेवू नका. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांची एक पिढी तयार होते, आणि डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. टाकी रिकामी केली तरी ती कोरडी होऊनही जगतात आणि पुन्हा पाणी भरल्यावर फुटतात. म्हणून रिकामी केल्यावर ती रेषा काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासा.