I बदलत असलेल्या ओव्हरहँग बीमला I ची सरासरी घेऊन सूत्रे वापरली तर चालेल का, की कॉन्जुगेट बीमच घ्यावी? परीक्षेत काय सोयीचे?

सरासरी चालत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी याच मुद्द्यावर माझा एका वरिष्ठांशी वाद झाला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

एका छज्जाचा पोलादी बीम होता. अ आणि ब या आधारांमध्ये 6 मीटर अंतर, ब च्या पुढे क पर्यंत 2 मीटर ओव्हरहँग आणि क वर 30 kN भार. आतल्या भागाला वरखाली पट्ट्या वेल्ड केल्याने तिथे 2I होते, ओव्हरहँगमध्ये नुसते I. EI चे मूल्य 8000 kN·m². वरिष्ठांनी लांबीनुसार सरासरी 1.75I धरली आणि टोकाचे डिफ्लेक्शन सुमारे 22.9 मिमी काढले.

मी कॉन्जुगेट बीम मांडली. अ साधा आधारच राहतो, क हे मोकळे टोक फिक्स्ड होते आणि ब च्या जागी हिंज येतो, कारण तिथे डिफ्लेक्शन शून्य असले तरी स्लोप दोन्ही बाजूंना एकच असतो. ब पाशी मोमेंट 60 kN·m असल्याने M/EI चा भार डावीकडे 30/EI आणि उजवीकडे 60/EI, अशी तिथे उडी येते. वरिष्ठांना ती उडी चूक वाटली. पण उडी मोमेंटच्या आकृतीत नाही, भागाकारात आहे.

मोमेंट ऋण असल्याने हा भार वरच्या दिशेने लागतो. डाव्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ 90/EI आहे. हिंजपाशी मोमेंट शून्य धरला की अ ची प्रतिक्रिया खालच्या दिशेने 30/EI येते आणि हिंजमधला शिअर, म्हणजे ब चा स्लोप, 60/EI. उजवा त्रिकोण 60/EI चा असून त्याचा गुरुत्वमध्य क पासून 4/3 मीटरवर आहे. म्हणून क चा मोमेंट

60×2 + 60×4/3 = 200, अर्थात 200/EI

म्हणजे डिफ्लेक्शन 25 मिमी खाली, तर अ-ब मध्ये बीम जास्तीत जास्त 8.7 मिमी वर उचलला जातो. सरासरीने तिथे 9.9 मिमी येतात. म्हणजे सरासरी टोकाला कमी दाखवते आणि आत जास्त. एकाच चुकीची दोन दिशांची फळे असल्यामुळे कोणताही एक गुणांक लावून ती सुधारता येत नाही. हे मी तेव्हा शांतपणे सांगू शकलो नाही, याची खंत आजही वाटते.

ब ला हिंजऐवजी आधार ठेवला, तर त्याच्या प्रतिक्रियेने शिअरमध्ये उडी येते आणि स्लोपला तिथे कोन पडतो. अखंड बीममध्ये तसे होणे अशक्य आहे, म्हणून उत्तर तपासताना आधी तेच पाहावे.

परीक्षेत भार एकच असेल तर ही पद्धत लवकर आटोपते. मात्र I पायरीपायरीने न बदलता सलग निमुळते होत गेले, तर M/EI ची आकृती त्रिकोणी राहत नाही आणि इंटिग्रेशनने किंवा बीमचे लहान तुकडे करून क्षेत्रफळ काढावे लागते.