पदवीचे अरबी नाव: शब्द नव्हे, दर्जा पोचवायचा

प्रश्न: ताईच्या बी.ए.च्या प्रमाणपत्राचा आणि गुणपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. शारजाला नोकरीच्या कागदांसाठी त्याचं अरबी करायचं आहे. शब्दकोशात ‘बॅचलर’ला ‘अअ्ज़ब’, ‘आर्ट्स’ला ‘फ़ुनून’ आणि ‘कोर्स’ला ‘दौरा’ मिळाले. विषय अर्थशास्त्र, श्रेणी सेकंड क्लास. हे शब्द तसेच जोडले तर चालेल का?

नाही चालणार. ‘अअ्ज़ब’ म्हणजे लग्न न झालेला पुरुष. ताईंच्या पदवीच्या ओळीत तो शब्द गेला, तर वाचणाऱ्याला ही पदवी आहे हेच कळणार नाही. आपल्याकडे ‘बॅचलर’साठी शब्द घडवताना कुणी ‘अविवाहित’ म्हटलं नाही. गुरुगृही शिक्षण पुरं करून समावर्तनाचं स्नान केलेला तो ‘स्नातक’, म्हणजे आपल्या परंपरेत त्याच पायरीवर जो उभा होता त्याचं नाव आपण घेतलं. अरबीने दुसरी वाट धरली आणि युरोपातला लॅटिन शब्दच आपल्या जिभेवर बसवला: ‘बकालोरियूस’. मास्टर्सला तसाच ‘माजिस्तीर’, डॉक्टरेटला ‘दुकतूराह’. पदवी या अर्थाचा शब्द ‘दरजा’, म्हणजे आपला ‘दर्जा’च. ‘दरजत अल्-बकालोरियूस’ एवढं वाचलं की शारजाच्या कार्यालयातला माणूस पुढे विषय कोणता ते पाहतो.

इथे एक काळजी घ्या. ‘बकालोरियूस’ आणि ‘बकालोरिया’ कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, सीरिया आणि लेबनॉनमध्ये ‘बकालोरिया’ ही शालेय शिक्षणाच्या शेवटची, आपल्या बारावीसारखी परीक्षा आहे. शेवटचा ‘स’ गळाला, तर ताई पदवीधराऐवजी बारावी पास होतात. देशागणिक शब्दही बदलतात. इजिप्तमध्ये विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकीला ‘बकालोरियूस’ मिळते, पण कला आणि कायदा शाखेला ‘लीसान्स’. मोरोक्कोत आणि सीरियात त्याच पायरीला ‘इजाज़ा’ म्हणतात. हा आपल्या ‘इजाजत’चा मूळ शब्द, परवानगी या अर्थाचा. आखातात मात्र ‘इजाज़ा’ म्हटलं की आधी रजा आठवते, सुट्टी. म्हणून अरबी करण्याआधी कागद कुठल्या देशात वाचला जाणार आहे ते पाहायचं. शारजासाठी ‘बकालोरियूस’ बिनधोक.

आता ‘आर्ट्स’. ‘फ़ुनून’ हा ‘कला’ याच अर्थाचा खरा अरबी शब्द आहे, पण विद्यापीठाच्या संदर्भात तो चित्र, शिल्प, संगीताकडे नेतो. ‘बकालोरियूस अल्-फ़ुनून’ वाचून समोरच्याला वाटेल की बाई चित्रकलेच्या पदवीधर आहेत. कला शाखेला अरबी विद्यापीठात ‘अल्-आदाब’ म्हणतात. ‘अदब’चं हे अनेकवचन. आपण अदब म्हणजे आदर, नीट वागणं एवढंच उचललं; अरबीत त्यात साहित्यही येतं आणि कला शाखाही. नुसतं ‘बकालोरियूस अल्-आदाब’ लिहिलं तर वाचणारा साहित्याचा किंवा भाषेचा विषय धरून चालेल, कारण अरब देशांत अर्थशास्त्र बहुधा वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या वेगळ्या विद्याशाखेत असतं. म्हणून विषय त्याच ओळीत आला पाहिजे: ‘बकालोरियूस अल्-आदाब फ़ी अल्-इक़्तिसाद’, म्हणजे अर्थशास्त्रातली कला शाखेची पदवी. नोकरी अर्थशास्त्राशी संबंधित आहे म्हणून ‘आदाब’ काढून टाकायचा मोह होईल. तो टाळा. ताईंच्या कागदावर ‘आर्ट्स’ छापलेलं आहे, तेव्हा ते अरबीतही दिसलं पाहिजे.

या सगळ्यापेक्षा मोठा खड्डा पदवीच्या नावात नाही, त्याच्या आधीच्या वाक्यात आहे. आपल्याकडच्या कित्येक विद्यापीठांच्या प्रमाणपत्रांवर इंग्रजीत असं वाक्य असतं की अमुक व्यक्ती ‘हॅज बीन अ‍ॅडमिटेड टु द डिग्री ऑफ’ अमुक. विद्यापीठीय इंग्रजीत याचा अर्थ पदवी बहाल झाली. पण ‘अ‍ॅडमिटेड’ शब्दकोशात पाहिलं तर ‘क़ुबिलत’ मिळतं. धातू तोच, ज्यातून आपलं ‘कबूल’ आलं. ‘क़ुबिलत’ म्हणजे प्रवेश मिळाला. मस्कतमध्ये मी काही वर्षं मराठी मुलांचे असे कागद पाहत होतो. त्यातल्या एका मुलाच्या अरबी प्रतीत नेमकं हेच क्रियापद होतं. पदवीचं नाव अचूक, विषय अचूक, विद्यापीठाचं नाव अचूक, आणि तरी कागद परत आला. शेरा असा की शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला जोडा. अरबीचं वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा घोळ कळला: वाचणाऱ्याला त्या मुलाला बी.ए.ला प्रवेश मिळाला एवढंच समजत होतं. तिथे हवं ‘मुनिह’, म्हणजे बहाल केली गेली. स्त्रीसाठी ‘मुनिहत’. अरबीत क्रियापदालाही लिंग असतं, त्यामुळे मुलाच्या कागदाचा नमुना घेऊन ताईंचं नाव घातलं की तो शेवटचा ‘त’ राहून जातो. हेही तपासा.

‘सेकंड क्लास’चं वेगळं पाहू. क्लास म्हणजे दर्जा, म्हणून ‘अद्-दरजा अस्-सानिया’ असं लिहिलेलं दिसतं. पण याच ओळीत पदवीसाठी ‘दरजा’ वापरून झालाय. ‘दरजत अल्-बकालोरियूस’ आणि लगेच ‘दरजा सानिया’ असं आलं, तर दुसरी पदवी घेतली की काय, अशी शंका येते. श्रेणीसाठी ‘मर्तबा’ घ्या. आपल्या ‘मानमरातब’मधला ‘मरातब’ हे याचंच अनेकवचन. ‘बिल्-मर्तबा अस्-सानिया’ म्हणजे दुसऱ्या श्रेणीत.

आणि इथे समतुल्य शब्द शोधायचं काम थांबवा. अरब विद्यापीठांत निकालाला ‘मुम्ताज़’, ‘जय्यिद जिद्दन’, ‘जय्यिद’, ‘मक़्बूल’ असे शेरे असतात: उत्कृष्ट, खूप चांगला, चांगला, उत्तीर्ण. आपला सेकंड क्लास म्हणजे ‘जय्यिद’ असं वाटणं साहजिक आहे, पण कुठल्या शेऱ्याला किती टक्के, हे विद्यापीठागणिक वेगळं असतं. ही तुलना करणं हे तिथल्या मूल्यमापन करणाऱ्यांचं काम. अनुवादात श्रेणी जशी आहे तशी आणि टक्के आकड्यात. कुणाच्या प्रमाणपत्रावर ‘ऑनर्स’ असेल तर आणखी जपा. अरबीत ‘मर्तबत अश्-शरफ़’ हा विशेष गुणवत्तेचा मान असतो, तर आपल्याकडे ऑनर्स हा बहुतेक वेळा अभ्यासक्रमाचा प्रकार असतो. ‘शरफ़’ लिहिलं की न मिळालेला मान पदरात पडतो, आणि चौकशीत तो खोटा ठरू शकतो.

आता गुणपत्रिका. ‘दौरा’ अरबीत आहे, पण आजच्या वापरात त्याचा अर्थ काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं प्रशिक्षण. सगळे विषय ‘दौरा’ म्हणून आले, तर तीन वर्षांची पदवी अल्पमुदतीच्या वर्गांची जंत्री वाटते. विद्यापीठातल्या एका विषयाला ‘मुक़र्रर’ म्हणतात. आपण तारीख मुक्रर करतो ना, तोच: जे ठरवून दिलेलं आहे ते. अमिरातीत आणि जॉर्डनमध्ये ‘मसाक़’ हा शब्दही चालतो. दोन्ही बरोबर, फक्त एका कागदात एकच ठेवा.

विषयांच्या नावांत मला सर्वांत आवडते ती मायक्रो-मॅक्रोची जोडी. मायक्रो म्हणजे सूक्ष्म म्हणून ‘दक़ीक़’ लावाल, तर चुकेल. तो शब्द सूक्ष्मजीवशास्त्रात बसतो: ‘अल्-अह्या अद्-दक़ीक़ा’. अर्थशास्त्रात मायक्रोला ‘अल्-इक़्तिसाद अल्-जुज़्ई’ आणि मॅक्रोला ‘अल्-इक़्तिसाद अल्-कुल्ली’ म्हणतात. ‘जुज़्’ म्हणजे अंश, ‘कुल्ल’ म्हणजे सगळं. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांतली ‘अंशलक्षी’ आणि ‘समग्रलक्षी’ ही नावं ज्यांना आठवत असतील, त्यांना ही जोडी लगेच ओळखू येईल. दोन्ही भाषांनी आकार न पाहता भाग आणि संपूर्ण असाच विचार केला. जुज़्ई मराठीत ‘जुजबी’ होऊन क्षुल्लक या अर्थाला आला, आणि कुल्ल ‘कुलमुखत्यार’मध्ये जाऊन बसला.

गुणपत्रिकेत ‘फाउंडेशन कोर्स’ असेल, तर तिथे मला अजून पूर्ण समाधान देणारा शब्द मिळालेला नाही. ‘मुक़र्रर तअ्सीसी’ हे सरळ भाषांतर होतं. पण अरब विद्यापीठांत ‘तअ्सीसी’ वर्ष म्हणजे पदवीआधीचं तयारीचं वर्ष, त्यामुळे वाचणारा त्याला पूर्वतयारी समजू शकतो. ‘मुततल्लब जामिआ’, म्हणजे विद्यापीठाचा सक्तीचा विषय, हे त्याच्या भूमिकेला जवळचं, पण ते कागदावर लिहिलेलं नाही. मी ‘मुक़र्रर तअ्सीसी’च ठेवीन, आणि तो विषय पदवीच्या कोणत्या वर्षाचा हे त्याच रांगेत स्पष्ट दिसेल असं पाहीन. तेवढ्याने तो पदवीच्या आतला विषय आहे हे कळतं.

फोटोबद्दल शेवटी. लॅमिनेशनवर दिव्याची चमक पडते ती नेमकी मधल्या ओळीवर, आणि पदवीचं नाव तिथेच असतं. प्रमाणपत्रावर मराठी मजकूर असेल तर तो कापू नका. इंग्रजीतला शब्द चमकेत गेला तर ‘कला स्नातक’ वाचून खात्री करता येते. नाव मात्र अंदाजाने भरू नका. अरबीत ‘प’ नाही, पुण्याचा ‘प’ तिथे ‘ब’ होतो, म्हणून ताईंच्या अरबी नावाशेजारी पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग ठेवायला सांगा. उठावाचा शिक्का फोटोत बहुधा वाचता येत नाही. तिथे ‘ख़त्म ग़ैर मक़्रू’ लिहितात: शिक्का आहे, वाचता येत नाही. शिक्का मारला की लेखन पुरं झालं, त्या ‘ख़त्म’मधूनच आपलं ‘खतम’ आलंय.

ताईंची मुख्य ओळ अशी होईल: ‘मुनिहत दरजत बकालोरियूस अल्-आदाब फ़ी अल्-इक़्तिसाद बिल्-मर्तबा अस्-सानिया’. तुमचं काम हा कच्चा खर्डा तपासण्यापुरतं. अमिरातीत सरकारी कामाला न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या अनुवादकाचा शिक्का लागतो. त्यांच्या हाती फोटो देताना सपाट टेबलावर, खिडकीच्या उजेडात, चारही कडा दिसतील असा नवा काढून द्या, आणि त्यांचा मसुदा आला की सगळ्यात आधी ते पहिलं क्रियापद वाचा.