तुझ्या अर्जाच्या मसुद्यावरून

प्रिय मुला,

जहाजावरच्या नोकरीसाठीचा तुझा अर्ज काल दोनदा वाचला. इंग्रजी स्वच्छ आहे, पण हाच कागद बँकेच्या क्लार्कच्या जागेसाठीही चालला असता. 'मेहनती', 'शिस्तप्रिय', 'लहानपणापासून समुद्राची ओढ', हे सगळं काढ. खानापूरच्या पोराने समुद्र कधी पाहिला, हे कंपनीला कळून काय करायचंय?

पहिल्या दोन ओळींत त्यांना तीन गोष्टी दिसायला हव्यात: कुठली जागा, कागद पुरे आहेत का, आणि कधीपासून येऊ शकतोस. तू नुसतं 'कॅडेट' लिहिलंयस. कॅडेट म्हणजे शिकाऊ, तो डेकवरही असतो आणि इंजिनरूममध्येही. तुझी जागा इंजिनची. कुणी तिला इंजिन कॅडेट म्हणतं, कुणी ट्रेनी मरीन इंजिनिअर, तर कुणी ज्युनिअर इंजिनिअर. त्यांच्या जाहिरातीत जो शब्द असेल तोच लिही. लगेच पुढे खलाशी म्हणून नोंदणीचा इंडॉस नंबर, खलाशाच्या ओळखपुस्तिकेचा म्हणजे सीडीसीचा नंबर, पासपोर्टची मुदत, बेसिक सेफ्टीचे कोर्स आणि सिक्युरिटीचा कोर्स झाल्याचा उल्लेख, मेडिकलची तारीख. माणसं निवडणारा आधी हेच शोधतो, कारण यातलं एक नसेल तर तुला जहाजावर चढवताच येत नाही.

आता तुझं नाव. आपल्याकडे ही भानगड नेहमीची आहे. दहावीच्या मार्क्सकार्डावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. अर्जात पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिही. जन्मगावाचंही तेच. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणून तुझ्या काही कागदांवर एक स्पेलिंग आहे आणि काहींवर दुसरं. मनाने दुरुस्त करू नकोस. इंडॉस आणि सीडीसीवरचं नाव पासपोर्टशी जुळत नसेल, तर अर्ज पाठवण्याआधी ते दुरुस्तीला टाक.

मधल्या परिच्छेदावर मात्र मला खरं बोलायचंय. 'उद्यमबागमधील वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनचा अनुभव', एवढ्या एका ओळीत तू दोन महिने गुंडाळलेस. फोनवर तूच सांगितलं होतंस, की जनरेटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं हेड उतरवलं, व्हॉल्व्ह लॅपिंग केलं, परत बसवून टॅपेट सेट केले. मग तेच लिही की! 'चार सिलिंडर डिझेल जनरेटरचं हेड ओव्हरहॉल, व्हॉल्व्ह लॅपिंग आणि टॅपेट क्लिअरन्स सेटिंग, मेकॅनिकच्या देखरेखीखाली.' देखरेखीखाली हा शब्द गाळू नकोस.

ही ओळ लिहिलीस की मुलाखतीत प्रश्न तिथूनच निघणार. टॅपेट सेट करताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आहे हे कसं ओळखलंस? पिस्टन वर तर एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही येतो. तुझ्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 असेल, तर चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकदम हलतात, म्हणजे एक्झॉस्ट मिटतोय आणि इनलेट उघडतोय, त्या क्षणी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असतो. त्याचे दोन्ही पुशरॉड हाताने मोकळे फिरतात. तेव्हा फीलर गेज घालायचा, तोही मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाचं माप दिलं असेल तर इंजिन थंड असताना. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली गॅप कमी ठेवली तर तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, गॅस निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. जास्त ठेवली तर खडखड येते, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. हे तुझ्या हातांना ठाऊक आहे. तोंडाला यायला हवं, म्हणून दोनदा मोठ्याने बोलून बघ.

एक मर्यादा ध्यानात ठेव. उद्यमबागचे ते दोन महिने सी-टाइममध्ये, म्हणजे जहाजावरच्या सेवेच्या काळात, धरले जात नाहीत. अधिकारी होण्यासाठी एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमावलीला देखरेखीखालची इंजिनरूमची वॉच, म्हणजे पाळीची ड्यूटी, किमान 6 महिने लागते, आणि ती जहाजावरच मिळते. म्हणून तो अनुभव 'सी सर्व्हिस'च्या रकान्यात चुकूनही टाकू नकोस. तिथे शून्य लिही. नवख्याच्या रकान्यात शून्यच असतं, त्यात कमीपणा नाही.

आणि अर्ज कुणाला पाठवतोयस ते पाहा. डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक कार्यालयाच्या वेबसाइटवर खलाशांची भरती करणाऱ्या परवानाधारक आरपीएसएल कंपन्यांची यादी असते, तिच्यात नाव आणि परवान्याची मुदत तपासल्याशिवाय पासपोर्टची प्रत कुणालाही देऊ नकोस. जागा लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाने बंद आहे. माझ्या वेळी एका एजंटाने 'जॉइनिंगचा खर्च' म्हणून वडिलांकडून पैसे घेतले, आणि जहाज कधी आलंच नाही. वडिलांनी त्यासाठी म्हैस विकली होती.

नवा मसुदा एका पानात बसव आणि रविवारी घरी घेऊन ये. सोबत पासपोर्ट, सीडीसी आणि मार्क्सकार्ड, तिन्ही मूळ प्रती आण. नावाची अक्षरं आपण शेजारी ठेवून जुळवू.

तुझा,
काका

खानापूर