निरोपाच्या भाषणातले दोन कोटी आणि आपली चौदा लाखांची ठेव

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेत 2011 पासून अधिकारी आहे, वय 41. गेल्या आठवड्यात आमचे वरिष्ठ साहेब तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. निरोप समारंभात ते म्हणाले, "मी आयुष्यात मुदत ठेव केली नाही. चांगले शेअर घेतले आणि कधीही विकले नाहीत. 2008 मध्ये काही केले नाही, 2020 मध्येही नाही. आज दोन कोटी आहेत." माझ्याकडे 14 लाखांची ठेव, म्युच्युअल फंडात 9 लाख (एसआयपी दरमहा 12,000) आणि एनपीएसमध्ये साधारण 26 लाख आहेत. मुलगी दहावी पूर्ण करून अकरावीत गेली आहे, दोन वर्षांनी अभियांत्रिकीला जाईल. सगळी ठेव मोडून इक्विटी फंडात टाकावी असे वाटते. योग्य ठरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळी ठेव मोडू नये, तीन लाखांपुरती जरूर मोडावी. हा आकडा कसा आला ते पुढे लिहितो. त्याआधी भाषणात न आलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण आपला निर्णय प्रामुख्याने तिच्यावर अवलंबून आहे.

आपले साहेब 1995 च्या सुमारास बँकेत लागले असणार. 1 एप्रिल 2010 पूर्वी राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू झालेल्या आणि पेन्शनचा पर्याय लागू असलेल्या कर्मचाऱ्यास निवृत्तीनंतर ठरलेले निवृत्तिवेतन मिळते, त्यावर महागाई भत्ता मिळतो आणि त्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्या तारखेनंतर लागलेल्यांना, म्हणजे आपल्याला, एनपीएस आहे. त्यात आपले दहा टक्के आणि बँकेचे चौदा टक्के जमा होतात, पण शेवटी हाती काय येणार याची हमी कोणी देत नाही. एकाच शाखेत शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या दोघांची म्हातारपणाची बैठक इतकी वेगळी असते, आणि निरोप समारंभात ही गोष्ट कोणी बोलत नाही, कारण पेन्शनवाल्यांना ती गुंतवणूक वाटतच नाही.

ती गुंतवणूक आहे, आणि मोठी आहे. समजा साहेबांना दरमहा 60,000 रुपये पेन्शन बसली, म्हणजे वर्षाला 7 लाख 20 हजार. एवढे उत्पन्न विमा कंपनीकडून वर्षासन म्हणून विकत घ्यायचे ठरवले आणि दर साडेसहा टक्के धरला, तर सुमारे 1 कोटी 10 लाख रुपये मोजावे लागतील, आणि साध्या वर्षासनाची रक्कम महागाईबरोबर वाढतही नाही. साहेबांच्या संपत्तीचा ताळेबंद प्रामाणिकपणे मांडला, तर शेअर 2 कोटी आणि पेन्शनच्या रूपातील सुरक्षित रोखा 1 कोटी 10 लाख असे चित्र दिसते. ज्यांनी "आयुष्यात मुदत ठेव केली नाही" असे सांगितले, त्यांची एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता सर्वांत सुरक्षित प्रकारात होती. फक्त तिची पावती कपाटात नव्हती. 2008 मध्ये ते शांत बसू शकले, यात त्यांच्या स्वभावाचा वाटा असेलच, परंतु म्हातारपणीचा घरखर्च बाजारावर अवलंबून नव्हता याचाही मोठा वाटा आहे. आपण सगळी ठेव मोडली, तर आपण साहेबांसारखे न होता त्यांच्याहून बरेच अधिक जोखमीचे व्हाल.

दुसरा मुद्दा तारखेचा आहे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 च्या आसपास होता आणि मार्च 2009 मध्ये 8,000 च्या जवळ आला. साहेबांच्या नोकरीला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. त्यांच्याकडे सहा लाखांचे शेअर असतील असे धरले, तर ते अडीच लाखांवर आले असतील, म्हणजे साडेतीन लाखांची कागदी घट झाली आणि समोर सतरा वर्षांचा पगार उरलेला होता. आता आपले 14 लाख त्याच जानेवारीत निर्देशांकात एकरकमी टाकले असते अशी कल्पना करावी. चौदा महिन्यांत ते साडेपाच लाखांच्या घरात आले असते, आणि दोन वर्षांनी, मुलीच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हाही, लाभांश सोडता साधारण अकरा-साडेअकरा लाखच हाती असते. जुनी पातळी बाजाराने 2010 च्या अखेरीस एकदा गाठली, पुन्हा सोडली आणि खऱ्या अर्थाने 2013 च्या शेवटी मागे टाकली. साहेबांना जवळजवळ सहा वर्षे थांबणे शक्य होते. अभियांत्रिकी महाविद्यालयाची शुल्क भरण्याची मुदत मात्र थांबत नाही, आणि मग "कधीही विकले नाहीत" हा नियम पहिल्याच फेरीत तळाच्या भावाला मोडावा लागतो.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण साहेब आपल्याशी मोकळेपणाने बोलत असतील तर त्यांच्या घरी चहाला गेल्यावर जरूर विचारावी. न विकलेल्या शेअरपैकी किती कंपन्यांची नावे त्यांनी भाषणात घेतली नाहीत? 1994 ते 1996 या काळात भांडवल उभारून पुढे पत्त्यावर न सापडलेल्या कंपन्या इतक्या होत्या की सरकारी कागदपत्रांत 'व्हॅनिशिंग कंपनीज' हा शब्दच रूढ झाला. 2001 च्या जुलैत युनिट ट्रस्टने यूएस-64 या आपल्या योजनेच्या युनिटांची पुनर्खरेदी थांबवली, आणि 2009 च्या जानेवारीत सत्यमच्या संस्थापकाने हिशेबातील फसवणुकीची स्वतःच कबुली दिली. त्या पिढीतील बहुतेक गुंतवणूकदारांच्या घरी अशी एक फाइल असतेच. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी ती जिलेटीनच्या पिशवीत जपली आहे. आत गुलाबी-हिरव्या नक्षीची सत्तावीस प्रमाणपत्रे आहेत, वर "1995" असे पेन्सिलीने लिहिले आहे, आणि त्यांतील चार कंपन्यांच्या प्रमाणपत्रांना आज रद्दीइतकीच किंमत आहे. "चांगले शेअर" हे विशेषण खरेदीच्या दिवशी लागलेले नसते, ते तीस वर्षांनी मागे वळून पाहताना लागते. आपण शेअरऐवजी फंडाचा विचार करीत आहात, त्यामुळे एका कंपनीत बुडण्याचा हा धोका पुष्कळ कमी होतो, आणि इथे आपली निवड साहेबांच्या पद्धतीपेक्षा सरस आहे असे मला वाटते.

दोन कोटी या आकड्याविषयीही दोन शब्द. केव्हा किती पैसे घातले हे कळल्याशिवाय त्यातून परतावा काढता येत नाही. तीस वर्षे दरमहा सरासरी 10,000 रुपये घातले असतील, म्हणजे एकूण 36 लाख, तर वार्षिक नऊ टक्क्यांनी 1 कोटी 83 लाख आणि दहा टक्क्यांनी 2 कोटी 26 लाख होतात. तेव्हा दोन कोटी म्हणजे साडेनऊच्या आतबाहेर. चांगलाच परतावा आहे, चमत्कार नव्हे. त्यांच्या पहिल्या काही वर्षांत, जानेवारी 2000 पर्यंत, पीपीएफवरसुद्धा बारा टक्के करमुक्त व्याज मिळत होते हे ध्यानात घेतले, तर त्या काळात सुरक्षित बचत करणारा मूर्ख नव्हता एवढे म्हणता येईल.

तरीही साहेबांचे म्हणणे एका बाबतीत पूर्ण बरोबर आहे. कर्मचारी म्हणून आपल्याला ठेवीवर एक टक्का जादा मिळतो, त्यामुळे दर साडेसात धरू. तीस टक्के कराच्या टप्प्यात आपल्या हाती सुमारे सव्वापाच टक्के उरतात, आणि एकोणीस वर्षांनी लागणारा पैसा एवढ्या दरावर ठेवणे म्हणजे महागाईशी जेमतेम बरोबरी करणे होय. म्हणून ठेवीतील कोणता रुपया कधी लागणार, याची फोड करावी लागते. मुलीच्या प्रवेशासाठी आणि पहिल्या दोन वर्षांच्या खर्चासाठी आठ लाख बाजूला ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये. साधारण सहा महिन्यांच्या घरखर्चाचे तीन लाख आकस्मिक निधी म्हणून ठेवीतच राहू द्यावेत. उरलेल्या तीन लाखांना तारीख नाही, ते इक्विटीत जाऊ शकतात. एकदम घालू नयेत. आधी ते त्याच फंड घराण्याच्या लिक्विड फंडात ठेवून, तेथून दहा महिने दरमहा तीस हजार निर्देशांक फंडात वळते करण्याची सूचना द्यावी. असे केल्याने परतावा वाढतोच असे नाही, परंतु पहिल्याच महिन्यात बाजार घसरला तर घाबरून मागे फिरण्याची शक्यता कमी होते, आणि एकरकमी गुंतवणुकीची सवय नसलेल्या माणसासाठी ते महत्त्वाचे आहे.

इक्विटीचा वाटा याहून वाढवायचा असेल, तर त्यासाठी ठेव मोडणे हा सोपा मार्ग नाही. आपली सर्वांत मोठी रक्कम एनपीएसमध्ये आहे. पीआरएएन क्रमांकाने खात्यात जाऊन विवरणपत्र उघडावे आणि ई, सी व जी या तीन भागांत 26 लाख कसे विभागले आहेत ते पाहावे. ई म्हणजे शेअर, सी म्हणजे कंपन्यांचे रोखे आणि जी म्हणजे सरकारी रोखे. अनेकांना ई चा भाग अगदी लहान असल्याचे तेव्हाच कळते. हा वाटा बदलताना कर लागत नाही, आणि तो पैसा साठीपर्यंत सहसा काढता येत नसल्यामुळे 2008 सारखी पडझड सहन करण्यास तीच योग्य जागा आहे. निवड करण्याची मुभा कर्मचाऱ्याला आहे की बँकेनेच ती ठरवली आहे, हे आपल्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. मुभा असेल तर ई चा वाटा पन्नास टक्क्यांच्या आसपास नेण्यास माझी हरकत नाही.

शेवटी, भाषणातील जी गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी असे मला वाटते, ती बहुधा ओझरतीच बोलली गेली असेल. साहेबांच्या तीस वर्षांत अनेक द्विपक्षीय वेतन करार झाले आणि प्रत्येक वेळी थकबाकी एकरकमी मिळाली. साहेबांसारख्या शिस्तीच्या माणसांचे मोठे भांडवल बऱ्याचदा त्या एरियर्समधून उभे राहिलेले दिसते, कारण त्या पैशावर घरचे बजेट आधीपासून बसलेले नसते. सध्याच्या बाराव्या कराराची मुदत ऑक्टोबर 2027 ला संपते. पुढचा करार कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही, पण त्याची थकबाकी कुठे जाणार हे आताच ठरवून पत्नीला सांगून ठेवावे. दरम्यान वार्षिक वेतनवाढ लागेल त्या महिन्यात एसआयपी 12,000 वरून 14,000 करावी. आणि 14 लाखांची ठेव एकाच पावतीवर असेल, तर ती मुदतपूर्तीला आपोआप नूतनीकरण होण्याची सूचना रद्द करून आठ आणि तीन लाखांच्या दोन पावत्या करून घ्याव्यात आणि उरलेले तीन लाख वर सांगितल्याप्रमाणे लिक्विड फंडात न्यावेत. आठ लाखांच्या पावतीची मुदत मुलीच्या प्रवेशाच्या आधीच्या मे महिन्यात संपेल अशी तारीख टाकावी.