कॅशलेस क्लेम: ॲडमिट होण्यापासून डिस्चार्जपर्यंत नेमकं काय होतं

प्रश्न: पहिल्यांदाच आरोग्य विमा घेतोय. सगळे म्हणतात कॅशलेस आहे, कार्ड दाखवलं की झालं. पण ऐन वेळी कंपनीने नाही म्हटलं तर? खिशात पैसे नसताना दवाखान्यात अडकून पडू, याचीच भीती वाटते. प्रत्यक्षात काय काय होतं, कोणी अनुभवातून सांगेल का?

उत्तर:

कार्ड दाखवलं की झालं, असं नसतं आणि बहुतेकांची धडधड तिथूनच सुरू होते. कार्ड फक्त तुमची ओळख पटवतं. खरं काम एका परवानगीवर चालतं. दवाखाना विमा कंपनीला किंवा तिच्या वतीने काम पाहणाऱ्या टीपीएला आजार, उपचार आणि अंदाजे खर्च कळवतो. कंपनी एक रक्कम मंजूर करते. त्याला प्री-ऑथ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढले, तेव्हा हे सगळं मी जवळून पाहिलं. तेच सांगते.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं होतं. शनिवारीच आम्ही दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कवर कार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट दिला. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी असे दोन-तीन दिवस हातात ठेवावेत. अचानक ॲडमिट व्हावं लागलं, तर आधी उपचार सुरू करा आणि पहिल्या चोवीस तासांत कंपनीला कळवा. दवाखाना नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी कॅशलेसचा करार असलेल्या दवाखान्यांच्या यादीत आहे का, हे मात्र दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाटीवरून ठरवू नका. कंपनीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करून विचारा, कारण यादी बदलत असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, म्हणजे प्री-ऑथचा फॉर्म. त्यातला आजाराचा भाग डॉक्टर भरतात. ‘त्रास कधीपासून’ आणि ‘आधीचे आजार’ असे दोन रकाने त्यात असतात. सासूबाईंना विचारल्यावर त्या सहज बोलून गेल्या, ‘‘तीन वर्षं झाली, अधूनमधून पोट दुखतंच.’’ ते ॲसिडिटीचं दुखणं होतं, पण ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तसंच लिहिलं, ‘पोटदुखी, 3 वर्षं’. पॉलिसीला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. संध्याकाळी कंपनीची क्वेरी आली: पहिल्या तपासणीचे कागद पाठवा.

मोबाइलवर ‘क्वेरी’ हा शब्द वाचून माझे हातपाय गळाले होते. पण क्वेरी म्हणजे नकार नाही. कंपनी आणखी कागद मागत असते, इतकंच. आजार पॉलिसीच्या आधीपासून ठाऊक होता का, हे त्यांना पाहायचं होतं. खडे पहिल्यांदा दिसले ती सोनोग्राफी त्याच महिन्यातली होती. तो रिपोर्ट आणि सर्जनचं दोन ओळींचं पत्र डेस्कवरून पाठवलं, आणि मंजुरी आली. तेव्हा सही करण्याआधी फॉर्म वाचा. काहीही लपवू नका, पण अंदाजपंचे वर्षंही सांगू नका.

तुम्ही नवीन पॉलिसी घेताय, म्हणून इथेच सांगते. पहिले 30 दिवस अपघात सोडून बाकी आजारांचा क्लेम मिळत नाही. खडे, हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारासाठी ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. कॅशलेस नाकारण्याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं आणि ते पॉलिसीत आधीच छापलेलं असतं.

आम्हाला पहिली मंजुरी आली 45,000 रुपयांची. दवाखान्याचा अंदाज होता 80,000 चा. बाकीचे आपल्यालाच भरायचे, असं वाटून नवरा एफडी मोडायला निघाला होता. तशी गरज नव्हती. पहिली मंजुरी बऱ्याचदा अर्धवटच असते. पुढे खर्च वाढेल तसा दवाखाना वाढीव मंजुरी मागतो आणि शेवटचा आकडा फायनल बिलावर ठरतो. डेस्कने आमच्याकडून 10,000 डिपॉझिट मात्र घेतलं. त्याची पावती जपून ठेवा, शेवटच्या हिशेबात ते वळतं होतं.

खिशाला खरी झळ बसली ती खोलीमुळे. सासूबाईंची पॉलिसी 3 लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये. आम्ही 4,000 ची खोली घेतली. तीन दिवसांचे तीन हजार जास्त भरू, असा आमचा हिशेब होता. पण हक्काची खोली घेतलेल्या खोलीच्या पाऊण पटीची, म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर यांचे 48,000 सुद्धा पाऊण पटच मंजूर झाले, म्हणजे 36,000. औषधं आणि तपासण्यांचे 21,000 पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कात्री लागत नाही. ग्लोव्हज, नोंदणी शुल्क असल्या किरकोळ गोष्टींचे 3,500 पॉलिसीत बसतच नव्हते. एकूण बिल झालं 84,500, कंपनीने दिले 66,000 आणि आम्ही भरले 18,500. त्यातले 15,000 निव्वळ खोलीच्या निवडीपायी गेले. आयसीयूच्या खर्चाला ही कपात लागत नाही. जिथे खोली बदलली तरी डॉक्टरांचे दर बदलत नाहीत, तिथेही लागत नाही. खोलीभाड्याला मर्यादाच नसलेली पॉलिसी परवडत असेल, तर पहिल्यांदाच ती घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

डिस्चार्जचा दिवस लांबतो, हे मनात धरूनच चला. डॉक्टर सकाळी दहाला ‘घरी जा’ म्हणाले. फाइल कंपनीकडे पोचली दीडला, मंजुरी आली सव्वातीनला. 2024 पासून विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे की प्री-ऑथवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा. उशीर झाल्यामुळे दवाखान्याने जास्तीचे पैसे लावले, तर तेही कंपनीनेच सोसायचे. पण घड्याळ सुरू होतं ते दवाखान्याची विनंती कंपनीकडे पोचल्यापासून. म्हणून डेस्कवर ‘मंजुरी आली का’ याआधी ‘फाइल पाठवली का, किती वाजता’ हे विचारा. आमचे साडेतीन तास फाइल दवाखान्यातच पडून होती.

आणि कंपनीने खरंच नाही म्हटलं तर? कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला असं नाही. पैसे भरून सुटायचं आणि मूळ कागद देऊन परतफेडीचा क्लेम करायचा. मात्र थांबायची मुदत संपलेली नसणं किंवा आजारच पॉलिसीत नसणं हे कारण असेल, तर परतफेडीतही तेच उत्तर येईल. म्हणून नकार लेखी घ्या आणि त्यात पॉलिसीचं कलम मागा. ते पटलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि शेवटी विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे, आणि तिथे फी लागत नाही.

एक गोष्ट आमच्या हातून निसटत होती. ॲडमिट होण्याआधीची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या आणि घरी आल्यावरची औषधं यांचे पैसे कॅशलेसमध्ये येत नाहीत. ते वेगळ्या परतफेडीच्या क्लेमने मिळतात. किती दिवस आधीचे आणि नंतरचे, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. डिस्चार्जच्या वेळी दवाखाना मूळ कागद कंपनीसाठी ठेवून घेतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि प्रत्येक रिपोर्टचा फोटो डेस्कवरून हलण्याआधी काढा.