पंखा हळू फिरतो आणि घूं आवाज येतो: कपॅसिटर की बेअरिंग?

प्रश्न: पाचवर ठेवूनही छताचा पंखा हळू फिरतो, घूं आवाज येतो. कपॅसिटर गेला की बेअरिंग?

उत्तर: मेन स्विच बंद करून, स्टुलावर नीट उभे राहून पाते हाताने हलकेच फिरवावे. पंखा काही फेऱ्या आवाज न करता फिरून सावकाश थांबला, तर बेअरिंग ठीक असून संशय कपॅसिटरवर जातो. तो खरखरत लगेच अडखळला किंवा मोटर वर-खाली हलवल्यावर ढिली लागली, तर बेअरिंग झिजले आहे.

नेरूळच्या आमच्या घरी पंखा हाताने मोकळा फिरत होता, पण चालू केल्यावर मात्र रेंगाळत घुमत असे. कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड छापले होते आणि मल्टिमीटरवर जेमतेम १.४ भरले. बाहेरून तो फुगलेला नव्हता, म्हणून केवळ पाहून निर्णय घेऊ नये. तेवढ्याच क्षमतेचा, ४४० व्होल्टचा नवा बसवताच वेग परत आला. जास्त क्षमतेचा लावण्याचा मोह टाळावा, कारण त्याने वाइंडिंग तापते. काढण्यापूर्वी कपॅसिटरमधला साठलेला भार रेझिस्टरने उतरवावा. स्विच बंद असला तरी तो झटका देऊ शकतो.