एकटा असला की शहाणा, दोस्त आले की येडा

"ताई, मी सोलापुरात बीएला आहे, सायकॉलॉजी. भाऊ 16 वर्षांचा. एकटा असला की स्कूटी नीट चालवतो, पण मागं दोन दोस्त बसले की सात रस्त्याचा सिग्नल सरळ तोडतो. समजावलं की म्हणतो सगळं कळतंय मला. असाइनमेंटचा टॉपिक पण हाच आलाय, किशोरांचा मेंदू आणि रिस्क. काय लिहू, आणि याचं काय करू?"

अगं, खरंच कळतंय त्याला, खोटं नाही बोलत तो. असाइनमेंट तिथूनच सुरू कर, कारण बहुतेक पोरं लिहितात की किशोरांना धोका समजत नाही, आणि तिथंच चुकतात.

अमेरिकेत टेम्पल युनिव्हर्सिटीच्या लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि जेसन चाइन यांच्या टीमचा 2011 चा एक प्रयोग आहे, तेवढा एकच नीट मांड. मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपून गाडीचा गेम खेळायचा, वाटेत 20 चौक, सिग्नल पिवळा होतो. ब्रेक मारला तर थोडा वेळ जातो, घुसलं आणि धडकलं तर त्याहून जास्त जातो, आणि लवकर पोचलं तर पैसे जास्त. एकदा एकट्यानं खेळायचं, एकदा शेजारच्या खोलीतून दोस्त स्क्रीनवर बघत असताना. एकटी असताना 14 ते 18 ची पोरं साधारण मोठ्यांसारखीच खेळली. दोस्त बघतायत म्हटल्यावर पोरांची रिस्क वाढली, मोठ्यांची नाही. आणि गंमत म्हणजे दोस्त शेजारी पण नव्हते, चिथवायची तर गोष्टच सोड.

स्कॅनमध्ये काय दिसलं तर दोस्त असताना पोरांचा व्हेंट्रल स्ट्रायाटम, म्हणजे बक्षीस मिळेल म्हटलं की जागा होणारा भाग, जास्त पेटला. कपाळामागचा आवर घालणारा भाग म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो मोठ्यांपेक्षा कमी कामाला लागत होता, पण दोस्त असोत नसोत, तेवढाच. म्हणजे दोस्तांमुळं ब्रेक ढिला झाला नाही, ॲक्सिलेटर पिळला गेला. हा फरक लिहिलास तर सर खूश होतील (माझे तरी झाले असते).

फक्त "25 व्या वर्षी मेंदू पूर्ण होतो" असं ठोकून देऊ नको, तशी पक्की तारीख नसते. आणि प्रयोगात जेमतेम 40 जण होते, आकडे सरासरीचे, त्यावरून तुझ्या भावाच्या डोक्यात काय चाललंय ते सांगता येत नाही, हे पण लिही.

आता भावाचं. लेक्चर बंद कर, माहिती कमी पडतच नाहीये तर देऊन काय होणार. मागची सीट रिकामी ठेवायची. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नव्या किशोर ड्रायव्हरला गाडीत दोस्त बसवण्यावर मर्यादाच आहे, ती याच कारणानं. पण आपल्याकडं तर 16 ला फक्त बिनगिअरची 50 सीसीपर्यंतचीच गाडी चालते, तुमची स्कूटी 110 ची असणार, आणि पकडला तर केस पप्पांवर, दंड 25 हजार, तुरुंगाची पण तरतूद आहे. तेव्हा चावी पप्पांच्या खिशात, आणि क्लासला सिटी बस नाहीतर सायकल. चिडेल चार दिवस, चिडू दे.